स्टॉपलॉस किती ठेवायचा? उत्तर तुमच्याच जुन्या सौद्यांत आहे

शेअर घेतला की स्टॉपलॉस लावावा, हे आता नवख्यालाही सांगावं लागत नाही. अडतं ते पुढच्या प्रश्नाशी. तो लावायचा किती अंतरावर? कुणी सांगतं दोन टक्के, कुणी पाच. कुणी म्हणतं, एका सौद्यात पाच हजारांपेक्षा जास्त तोटा मला झेपत नाही, म्हणून तेवढ्यावर. ही सगळी उत्तरं स्वतःच्या खिशाकडे पाहून दिलेली आहेत. शेअर त्याच्या स्वभावाप्रमाणे रोज वरखाली होत असतो, आणि त्या रोजच्या वरखाली होण्याच्या आत स्टॉपलॉस पडला, तर चांगला सौदाही कापला जातो. मग दोन दिवसांनी तोच शेअर वर गेलेला पाहून माणूस हळहळतो, पुढच्या वेळी स्टॉपलॉस लावतच नाही आणि नेमका तेव्हा मोठ्या तोट्यात सापडतो. हे चक्र अनेकांच्या ओळखीचं असेल.

यातून बाहेर पडण्याची एक साधी आणि मोजता येणारी पद्धत आहे. अमेरिकी लेखक जॉन स्वीनी यांनी ती मांडली आणि १९९७ साली तिच्यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. पद्धतीचं नाव मॅक्झिमम अ‍ॅडव्हर्स एक्सकर्शन, थोडक्यात एमएई. तिचा प्रश्न असा: जे सौदे शेवटी फायद्यात सुटले, ते मधल्या काळात जास्तीत जास्त किती तोट्यात गेले होते? आणि जे तोट्यात सुटले, ते किती? या दोन गटांत स्पष्ट फरक दिसला, तर फायद्याचे सौदे सहसा ज्या खोलीपर्यंत जात नाहीत, तिथे स्टॉपलॉस ठेवायचा.

एक सौदा जवळून पाहू. समजा एक शेअर सकाळी बाजार उघडताना ४१२ रुपयांना घेतला आणि वीस दिवसांनी ४३८ ला विकला. नफा २६ रुपये, म्हणजे ६.३ टक्के. वहीत बहुतेक जण एवढंच लिहितात आणि पान उलटतात. पण या वीस दिवसांत तिसऱ्या दिवशी भाव ३९६.५० पर्यंत खाली आला होता. खरेदीपासून तो साडेपंधरा रुपये उलट गेला, म्हणजे ३.८ टक्के. हा त्या सौद्याचा एमएई. चौदाव्या दिवशी भाव ४६१ ला टेकून आला, म्हणजे खरेदीच्या ११.९ टक्के वर. ही झाली बाजूने गेलेली कमाल मजल. तिला एमएफई म्हणतात, आणि टार्गेट ठरवताना ती कामाला येते. तीन टक्क्यांचा स्टॉपलॉस असता तर हाच सौदा तिसऱ्या दिवशी तोट्यात बंद झाला असता.

एका सौद्यावरून अर्थात काहीच ठरत नाही. शंभरेक सौद्यांची नोंद हवी आणि ते सगळे एकाच नियमाने घेतलेले हवेत. आज बातमीवर, उद्या मित्राच्या टिपेवर आणि परवा चार्ट पाहून घेतलेल्या सौद्यांची मोट बांधली, तर निघणारा आकडा कुणाचाच नसतो. म्हणून इथे एक साधा नियम धरू: शेअर गेल्या पन्नास दिवसांच्या उच्चांकाच्या वर बंद झाला, की दुसऱ्या दिवशी उघडत्या भावाला घ्यायचा आणि विसाव्या दिवशी बंद भावाला विकायचा. उघडत्या भावाला घेण्याचा एक फायदा आहे. त्या दिवसाचा नीचांक आपल्या खरेदीनंतरचाच असतो, त्यामुळे मोजणी स्वच्छ होते. दुपारी दोनला घेतलेल्या शेअरसाठी दिवसाचा नीचांक धरला, तर तो कदाचित सकाळी दहाचा असेल आणि आपल्या सौद्याशी त्याचा काही संबंध नसेल. असे सौदे करणाऱ्याला मिनिटांचा डेटा घ्यावा लागतो.

रोजचे भाव एनएसईच्या भावकॉपीत मिळतात. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक सौदा लिहायचा. दुसऱ्या रकान्यात खरेदीचा भाव, त्यापुढच्या वीस रकान्यांत वीस दिवसांचे नीचांक. मग एमएई काढायला एवढं पुरतं:

```
=MAX(0,(B2-MIN(C2:V2))/B2)
```

इथे एक खबरदारी घ्यावीच लागते. मधल्या काळात कंपनीने एकास एक बोनस दिला, तर भाव एका दिवसात निम्मा दिसतो आणि स्प्रेडशीट बिनदिक्कत पन्नास टक्के एमएई दाखवते. बोनस आणि स्प्लिटसाठी जुने भाव दुरुस्त करून घ्या. एखाद्या सौद्याचा एमएई अचाट दिसला, की आधी हेच तपासा.

दुसरी खबरदारी याहून मोठी आहे, आणि बहुतेकांची मोजणी तिथेच फसते. आपले जुने सौदे आपण कुठल्या तरी स्टॉपलॉससकट केलेले असतात. समजा तो तीन टक्के होता. मग नोंदीत तीन टक्क्यांपेक्षा जास्त उलट गेलेला सौदा सापडणारच नाही, कारण तिथे पोचताच तो बंद झाला. अशा नोंदीवर मोजणी केली, तर 'फायद्यातले सगळे सौदे तीन टक्क्यांच्या आत राहिले' असा निष्कर्ष निघतो आणि जुना अंदाज बरोबर होता, असं समाधान मिळतं. प्रत्यक्षात जुन्या स्टॉपलॉसने पुढचा पुरावाच पुसून टाकलेला असतो. कापले गेलेले सौदे पुढे वर गेले की आणखी खाली, हे आपल्याला पाहायचं आहे. त्यासाठी प्रत्येक सौदा कागदावर पुन्हा चालवावा लागतो: स्टॉपलॉस नव्हता असं धरून थेट विसाव्या दिवसापर्यंत. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

आता शंभर सौद्यांचं उदाहरण घेऊ. आकडे रीत समजावी म्हणून मीच रचलेले आहेत. प्रत्येक सौदा एक लाख रुपयांचा, म्हणजे एक टक्का हजार रुपये. शंभरपैकी ५४ सौदे फायद्यात सुटले, ४६ तोट्यात. स्टॉपलॉसशिवाय एकूण नफा १ लाख ७० हजार.

हे सौदे एमएईप्रमाणे गटांत लावले, की चित्र बोलू लागतं. दोन टक्क्यांपर्यंतच उलट गेलेले सौदे २९. त्यांतले २५ फायद्यात. दोन ते चार टक्क्यांचे २४, त्यांतले १६ फायद्यात. चार ते सहाचे १८, त्यांतले १० फायद्यात. इथपर्यंत निम्म्याहून जास्त सौदे परत वर आलेले दिसतात. सहाच्या पुढे मात्र चित्र एकदम पालटतं. सहा ते आठच्या ११ सौद्यांत फक्त २ फायद्यात, आठ ते दहाच्या ८ सौद्यांत १, आणि दहाच्या पुढच्या १० सौद्यांत एकही नाही. म्हणजे फायद्याच्या ५४ सौद्यांपैकी ५१ सहा टक्क्यांच्या आत राहिले.

तरी एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक अंतरासाठी पैशांचा हिशेब करून पाहावा. सहा टक्क्यांच्या आत राहिलेल्या ७१ सौद्यांनी मिळून ३ लाख ६८ हजार कमावले. उरलेले २९ सौदे सहा टक्क्यांवर तुटले असं धरलं, तर त्यांचा तोटा प्रत्येकी ६ हजार, एकूण १ लाख ७४ हजार. हाती राहतात १ लाख ९४ हजार. हाच हिशेब दोन टक्क्यांसाठी केला, तर ७१ सौदे तुटतात आणि नफा ८० हजारांवर येतो. चार टक्क्यांना १ लाख ३८ हजार, आठला १ लाख ८७ हजार, दहाला १ लाख ८५ हजार. ज्याला सगळे 'कडक शिस्त' म्हणून वाखाणतात, त्या दोन टक्क्यांच्या स्टॉपलॉसने या पद्धतीचा निम्म्याहून जास्त नफा खाल्ला.

मात्र हे आकडे अजून खरे नाहीत. स्टॉपलॉस सहा टक्क्यांवर लावला म्हणून सौदा बरोबर तिथेच सुटत नाही. रात्रीत वाईट बातमी आली, तर सकाळी भाव थेट नऊ टक्के खाली उघडतो आणि मिळतो तो भाव घ्यावा लागतो. लिमिटसह लावलेली ऑर्डर असेल, तर भाव लिमिटच्या खालून निघून जातो आणि ऑर्डर तशीच लटकते. लोअर सर्किट लागलं तर विकायला घेणाराच नसतो. या सगळ्यापोटी तुटणाऱ्या प्रत्येक सौद्यावर सरासरी अर्धा टक्का जादा तोटा धरला, तर दोन टक्क्यांचा नफा ४४,५०० उरतो आणि चार टक्क्यांचा १ लाख १४,५००. पुढे सहाला १ लाख ७९,५००, आठला १ लाख ७८ हजार आणि दहाला १ लाख ८० हजार.

नुसता सर्वांत मोठा आकडा उचलायचा असेल, तर दहा टक्के जिंकतात, पाचशे रुपयांनी. शंभर सौद्यांत पाचशेचा फरक म्हणजे काहीच नाही, एक सौदा इकडचा तिकडे झाला की तो उलटेल. पाहायची गोष्ट ही, की सहापासून दहापर्यंत पठार आहे आणि सहाच्या खाली उतार आहे. अशा वेळी पठारावरची सर्वांत जवळची जागा घ्यावी. कारण सरळ आहे. एका सौद्यात साडेसहा हजारांपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं, तर सहा टक्क्यांच्या स्टॉपलॉससह, अर्ध्या टक्क्याची जादा तूट धरून, एक लाखाचा शेअर घेता येतो. दहा टक्क्यांच्या स्टॉपलॉससह मात्र साधारण ६२ हजारांचाच. म्हणजे तेवढ्याच जोखमीवर नफा १ लाख ११ हजारांच्या आसपास येतो. खिशाचा प्रश्न इथे, या टप्प्यावर सोडवायचा असतो. अंतर शेअरच्या वागण्यावरून ठरवायचं आणि किती रक्कम गुंतवायची ते खिशावरून. लोक नेमकं उलट करतात: रक्कम आधी ठरवतात आणि ती झेपावी म्हणून स्टॉपलॉस जवळ ओढतात.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दिसते. स्टॉपलॉस नसताना नफा १ लाख ७० हजार होता आणि सहा टक्क्यांचा लावल्यावर १ लाख ७९,५००. फरक जेमतेम साडेनऊ हजारांचा. स्टॉपलॉस नफा वाढवतो, ही समजूत सोडून द्यायला हवी. त्याचं काम वेगळं आहे. समजा, दहा टक्क्यांच्या पुढे गेलेल्या सौद्यांतला एक बावीस टक्के तोट्यात सुटला. तसा सौदा पुन्हा येऊ शकतो. स्टॉपलॉसशिवाय व्यवहार करणाऱ्याने त्याची तयारी ठेवली, तर त्याच साडेसहा हजारांच्या मर्यादेत तो एका सौद्यात तीस हजारांहून जास्त लावू शकत नाही. स्टॉपलॉसमुळे लाख लावता येतात. फायदा इथून येतो.

आता टार्गेट. त्यासाठी एमएफईचा रकाना पाहायचा. सहा टक्क्यांच्या आत राहिलेल्या ७१ सौद्यांपैकी समजा ३० सौदे कधी ना कधी दहा टक्के वर पोचले आणि विसाव्या दिवशी विकल्यावर त्यांनी एकूण ३ लाख ३० हजार दिले. दहा टक्क्यांवर टार्गेट असतं, तर तेच ३० सौदे ३ लाख देऊन सुटले असते. तीस हजारांचं नुकसान. पण हिशेब इथे संपत नाही. स्टॉपलॉसवर तुटलेल्या २९ सौद्यांतही काही असे असतात, जे आधी वर जाऊन मग कोसळले. त्यांतले दोन आधी दहा टक्क्यांना शिवून आले असतील, तर टार्गेटमुळे प्रत्येकी साडेसहा हजारांच्या तोट्याऐवजी दहा हजारांचा नफा होतो. दोघांचे मिळून ३३ हजार. म्हणजे एकंदर तीन हजारांची भर.

म्हणून एमएई आणि एमएफई हे दोन आकडे पुरत नाहीत. आधी कोण आलं, हेही लिहावं लागतं. दोन्हींच्या तारखा नोंदवा. स्टॉपलॉस आणि टार्गेट दोन्ही एकाच दिवसाच्या भावपट्ट्यात येत असतील, तर रोजच्या डेटावरून क्रम कळत नाही. तिथे स्टॉपलॉस आधी लागला असंच धरा. उलट धरलं तर कागदावर नफा फुगतो आणि खात्यात तो कधीच दिसत नाही.

याच उदाहरणात पंधरा टक्क्यांवर टार्गेट ठेवलं, तर तिथे पोचणारे १२ सौदे १ लाख ६२ हजारांऐवजी १ लाख ८० हजार देतात, अठरा हजार जास्त. आठ टक्क्यांवर ठेवलं, तर एकूण नफा घटतो. माझा कौल असा: उच्चांक ओलांडणाऱ्या शेअरच्या पद्धतीत बरीचशी कमाई मोजक्या लांब पल्ल्याच्या सौद्यांतून येते, तिला जवळचं टार्गेट मानवत नाही. पंधरा टक्के ठेवायला हरकत नाही, पण तो आकडा फक्त बारा सौद्यांवर उभा आहे, हे ध्यानात ठेवावं. पडलेला शेअर उसळी घेईल म्हणून घेणाऱ्याच्या पद्धतीत चित्र बरोबर उलटं दिसू शकतं. म्हणून दुसऱ्याचं टार्गेट उसनं घेऊ नये.

या पद्धतीची एक मर्यादा तिचे चाहतेही विसरतात. नाणं फेकून केलेले सौदे याच रीतीने मांडले, तरी फायद्याचे सौदे कमी एमएईच्या बाजूला आणि तोट्याचे जास्त एमएईच्या बाजूला गोळा झालेले दिसतील. त्यात नवल नाही. जो सौदा आठ टक्के खाली गेला, त्याला वर यायला तेवढं अंतर कापावं लागतं आणि दिवस तर मोजके उरलेले असतात. म्हणून गट वेगळे दिसले एवढ्यावरून पद्धत चांगली ठरत नाही. आधी तपासायचं ते हे, की स्टॉपलॉस आणि टार्गेटशिवाय, कर आणि खर्च वजा जाता, हाती काही उरतं का. डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स लागतो. इतर आकार धरून एका फेरीला पाव टक्क्याच्या आसपास जातो. आपल्या उदाहरणात सौद्यामागे १.७ टक्के मिळत होते, तेव्हा बरंच उरतं. पण ज्या पद्धतीत मुळातच काही उरत नाही, तिला कुठल्याही अंतराचा स्टॉपलॉस वाचवू शकत नाही.

शंभर सौदे हा आकडाही फसवा असू शकतो. तेजीच्या एकाच महिन्यात तीस शेअर उच्चांक ओलांडतात आणि पुढे एका दिवशी सगळे मिळून कोसळतात. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडला. त्या दिवशी हातात असलेल्या बहुतेक शेअरचा एमएई एकाच फटक्यात वाढला असणार. असे तीस सौदे हिशेबात तीस दिसले, तरी पुरावा म्हणून ते एकाच घटनेचे आहेत. म्हणून नोंद निरनिराळ्या वर्षांची हवी, आणि एखाद्या दिवशी बरेच सौदे एकदम खोल गेले असतील तर तो दिवस वगळूनही हिशेब करून पाहावा. सहाचा आकडा तरीही टिकला, तर त्यात दम आहे.

शेअरचा स्वभावही सारखा नसतो. एखादा मोठ्या बँकेचा शेअर दिवसाला दीड टक्का हलतो, एखादा छोट्या कंपनीचा चार टक्के. दोघांना सहाचंच माप लावलं, तर एकाला ते सैल होतं आणि दुसऱ्याला घट्ट. यावर उपाय म्हणजे एमएई टक्क्यांत न मोजता शेअरच्या सरासरी रोजच्या हालचालीच्या पटीत मोजणं. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज हे माप त्यासाठी चालतं आणि ते बहुतेक चार्टवर मिळतं. खरेदीच्या दिवशी ते माप दोन टक्के असेल आणि सौदा पाच टक्के उलट गेला, तर एमएई अडीच पट. असं मोजलं की वेगवेगळे शेअर आणि वेगवेगळी वर्षं एका रांगेत बसवता येतात.

शेवटची तपासणी चुकवू नये. आकडा पहिल्या शंभर सौद्यांवरून ठरवा आणि त्यानंतरच्या पन्नास सौद्यांवर जसाच्या तसा लावून पाहा. तिथे फायद्यात सुटणारे सौदे वारंवार सहा टक्क्यांच्या पुढे जाऊन परत येताना दिसले, तर बाजार बदलला आहे किंवा पहिला आकडा योगायोग होता. दोन्ही बाबतींत मोजणी पुन्हा करायची. मात्र प्रत्येक तोट्यानंतर आकडा हलवत बसलात, तर तुम्ही पुन्हा अंदाजावर आलात.

ज्यांच्याकडे अजून वीस-पंचवीसच सौद्यांची नोंद आहे, त्यांनी आकडा ठरवायची घाई करू नये, रक्कम लहान ठेवावी. वहीत मात्र आजपासूनच खरेदी आणि विक्रीच्या भावाशेजारी सर्वांत खालचा भाव, सर्वांत वरचा भाव आणि दोन्हींच्या तारखा असे चार रकाने वाढवा. सौदा स्टॉपलॉसवर बंद झाला, तरी ते विसाव्या दिवसापर्यंत भरत राहा.